नवे टायर बसवल्यानंतर एकाच चाकाची हवा सतत कमी होते: बीड, रिम आणि मशीनच्या खुणांची तपासणी

नवे ट्यूबलेस टायर बसवून घेतल्यानंतर तीन चाकांची हवा व्यवस्थित टिकते आणि एका चाकाची मात्र दर आठवड्याला पाच-सहा पीएसआयने उतरते, ही तक्रार टायरच्या दुकानांत वारंवार येते. पंक्चर शोधले तर सापडत नाही, व्हॉल्व्ह बदलला तरी फरक पडत नाही, आणि शेवटी टायरच सदोष असावा असे समजून ग्राहक कंपनीकडे दाद मागण्याच्या तयारीला लागतो. टायर सदोष निघू शकतो, हे खरे आहे. परंतु जुने टायर त्याच रिमवर वर्षानुवर्षे हवा धरून होते आणि नवे बसवल्या दिवसापासून गळती सुरू झाली असेल, तर टायर काढताना आणि चढवताना रिमला काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे. मशीनचा प्रत्येक भाग रिमवर आपापल्या ठरावीक जागी आणि ठरावीक दिशेने खूण सोडतो. ती खूण वाचता आली, तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली आणि त्या खुणेतून हवा जाऊ शकते की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. येथील विवेचन कारच्या अलॉय रिमपुरते आहे. ट्रकची चाके, आणि विशेषतः सुटी रिंग असलेली चाके, हा वेगळा आणि जिवाला अधिक धोक्याचा विषय आहे.

हवा नेमकी कुठे अडते

ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवण्याचे काम टायरची कड आणि रिम या दोघांनी मिळून करायचे असते. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचे वेढे असतात आणि त्यांवर रबर असते. या कडेला बीड म्हणतात. तारांमुळे बीड ताणला जात नाही आणि रबरामुळे तो रिमवर घट्ट दाबून बसतो. रिमवर बीड ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी सपाट नसते, तिला काठाच्या दिशेने साधारण पाच अंशांचा चढ असतो. आत हवा भरली की बीड या चढावर बाहेरच्या दिशेने सरकत जातो, अधिकाधिक आवळत जातो आणि अखेरीस रिमच्या उभ्या काठाला टेकतो. पट्टीच्या आतल्या बाजूला एक छोटा गोलाकार उंचवटा असतो. वळणावर टायरवर आडवा जोर आला तरी बीड आत घसरू नये, यासाठी तो ठेवलेला असतो. टायर बसताना जो ‘फट्’ असा आवाज येतो, तो बीड हा उंचवटा ओलांडून आपल्या जागी बसल्याचा आवाज असतो.

दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मध्ये रिमचा व्यास एकदम कमी होतो आणि तेथे एक खोलगट चर तयार होतो. हा चर नसता तर टायर रिमवर चढलाच नसता, कारण बीडचा घेर रिमच्या काठापेक्षा लहान असतो आणि तो ताणता येत नाही. एका बाजूचा बीड या चरात उतरवला की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि त्या ढिलीच्या जोरावर बीड काठावरून पलीकडे जातो. टायर चढवण्याची सगळी कला या एका गोष्टीत आहे. फिटरला जोर लावावा लागतो आहे, मशीनची मोटर कण्हते आहे किंवा टॉमीला, म्हणजे बीड उचकटायच्या लोखंडी दांड्याला, दोन माणसे लटकली आहेत, असे दिसले की समोरच्या बाजूचा बीड चरात नाही हे बहुतेक वेळा नक्की असते.

या रचनेवरून गळतीबद्दलचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष निघतो. बीडच्या पट्टीवर चाकाच्या घेराला समांतर ओरखडा असेल, तर हवेला तो ओलांडून बाहेर जाता येत नाही, ती ओरखड्यातल्या ओरखड्यात अडकते. पण ओरखडा पट्टीवर आडवा असेल, म्हणजे टायरच्या आतून बाहेरच्या काठाकडे जाणारा असेल, तर तो हवेसाठी तयार वाट ठरतो. अगदी बारीक असला तरी त्यातून हवा जाते, कारण बीडचे रबर बरेच कडक असते आणि ते अरुंद खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही.

आधी गळती खरी आहे का, ते ठरवा

हवेचा दाब गाडी चालवण्यापूर्वी, सकाळी, टायर थंड असताना आणि प्रत्येक वेळी एकाच गेजने मोजावा. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने कमी दिसतो. त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरमध्ये भरलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे दोन-तीन पीएसआय कमी भरली, तर त्याला गळती म्हणता येणार नाही. निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा रबरातून झिरपतेच. चारही चाकांचे आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत, कारण हवामानाचा परिणाम चौघांवर सारखा होतो आणि गळती एकट्या चाकात दिसते.

गळती खरी आहे हे ठरले की चाक गाडीवरून उतरवावे. गाडीवर असलेल्या चाकाची बाहेरची बाजू आणि नक्षी तेवढी दिसते, आतली बाजू सस्पेन्शनच्या दिशेला असते आणि तीच तपासणीतून सुटते. पाण्याच्या टाकीत चाक बुडवून झरझर फिरवणे पंक्चर शोधायला पुरेसे असते, पण आठवड्याला पाच पीएसआय सोडणारी बीडची गळती त्यात हुलकावणी देते, कारण तिचे बुडबुडे अतिशय सावकाश येतात आणि चाक फिरत असल्यामुळे ते पाण्याच्या खळबळीत मिसळून जातात. त्यापेक्षा चाक जमिनीवर आडवे ठेवून रिमचा काठ आणि टायर यांच्यामधील गोलाकार खाचेत साबणाचे दाट पाणी भरावे आणि चाकाला हात न लावता पाच-दहा मिनिटे थांबावे. बारीक गळतीच्या जागी मोठे बुडबुडे येत नाहीत, तेथे पांढऱ्या फेसाचा एक छोटा पुंजका हळूहळू वाढताना दिसतो. एक बाजू झाली की चाक उलटून दुसऱ्या बाजूलाही हेच करावे. व्हॉल्व्हचे तोंड आणि त्याचे बूड याच वेळी साबणाने तपासून घ्यावे.

फेस दिसताच खडूने दोन खुणा कराव्यात, एक रिमवर आणि तिच्या अगदी समोर दुसरी टायरवर. टायर उतरवल्यावर या दोन खुणांमुळे दोष कुणाचा हे ठरवता येते. रिमवर डोळ्यांना काहीच दिसले नाही, तर तोच टायर अर्धा वळसा फिरवून पुन्हा चढवावा आणि साबण लावावा. फेस रिमवरच्या खुणेपाशीच राहिला तर दोष रिमचा आहे, टायरवरच्या खुणेबरोबर सरकला तर टायरचा आहे. टायर कंपनीकडे तक्रार नेण्यापूर्वी ही चाचणी करून घ्यावी, कारण तिच्याविना ती तक्रार बहुधा टिकत नाही.

एक उदाहरण, सविस्तर

एका हॅचबॅक कारला १८५/६५ आर १५ मापाचे चार नवे टायर बसवले होते. दारावरच्या स्टिकरप्रमाणे दाब ३३ पीएसआय होता. डावे मागचे चाक आठवड्यात २७ वर यायचे, बाकीची तिन्ही जागच्या जागी असायची. टायर बसवणाऱ्या दुकानात ते चाक टाकीत बुडवून पाहिले होते, व्हॉल्व्हही बदलला होता आणि ‘साहेब, पंक्चर नाही, नवा टायर आहे, बसेल हळूहळू’ असे सांगून गाडी परत दिली होती. बीड हळूहळू बसत नसतो, तो हवा भरतानाच बसतो किंवा बसत नाही, त्यामुळे या उत्तराने समाधान मानण्याचे कारण नव्हते.

चाक आतली बाजू वर करून ठेवले आणि साबणाचे पाणी भरले, तेव्हा व्हॉल्व्हच्या जवळजवळ समोरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या लांबीत फेस धरू लागला. खडूच्या खुणा करून टायर उतरवल्यावर रिमच्या आतल्या बाजूच्या पट्टीवर, बरोबर खुणेखाली, एक आडवी खाच सापडली. ती काठापाशी सुरू होऊन पट्टी ओलांडत आतल्या उंचवट्यापर्यंत गेली होती. खोली फार नव्हती, पण नख अडकत होते. तिच्या दोन्ही कडांना अलॉय किंचित वर उचलले गेले होते आणि बोट फिरवले की धार लागत होती. टायरच्या बीडवर त्याच जागी रबरावर एक पुसट उभी रेघ उमटली होती, मात्र रबर फाटलेले नव्हते.

ही खाच नवी आहे हे तिच्या रंगावरून कळत होते. रिमच्या त्याच पट्टीवर इतरत्र, जेथे पूर्वी कधी तरी लॅकर उडाला होता, तेथे पांढरट भुकटी आणि बारीक खड्डे होते. अॅल्युमिनियम उघडे पडून ओलावा लागला की असे होते, आणि मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत ते लवकर होते. या खाचेत भुकटीचा कणही नव्हता, आतली धातू स्वच्छ चकाकत होती. जुनी जखम आणि ताजी जखम ओळखण्याची ही पद्धत दुकानदाराशी बोलताना उपयोगी पडते, कारण ‘हे आधीपासूनच होते’ हे पहिले उत्तर असते आणि काही वेळा ते खरेही असते.

खाचेची जागा आणि दिशा पाहता ती कशाने पडली, याविषयी फारशी शंका उरली नाही. जुना टायर काढताना बीड मोकळा करणाऱ्या पात्याची ती खूण होती.

पात्याची चूक कशी होते

टायर काढण्याचे पहिले काम म्हणजे जागेवर आवळून बसलेला बीड सोडवणे. त्यासाठी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडावी लागते. थोडी हवा आत ठेवून पाते दाबले, तर बीड सुटताना टायर उसळतो. त्यानंतर चाक मशीनच्या बाजूच्या रबरी गादीला टेकवून उभे धरतात, टायरच्या कडेवर वक्र पाते ठेवतात आणि पेडल दाबले की हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या ते पाते टायरवर रेटतो. पाते रिमच्या काठापासून साधारण एक सेंटीमीटर लांब, फक्त रबरावर टेकले पाहिजे. काठावर टेकले तर काठ वाकतो किंवा अलॉयचा कपचा उडतो.

खरी अडचण जुन्या, गंजाने चिकटलेल्या बीडच्या बाबतीत येते. पात्याने जोर लावला तरी बीड सुटत नाही, फिटर पेडल दाबून धरतो, बीड एकाएकी सुटतो आणि दट्ट्यात साठलेल्या जोराने पाते पुढे झेपावते. आता मध्ये रबर उरलेले नसते. पात्याचे टोक पट्टीवरून घासत आत जाते, आणि पात्याची हालचाल चाकाच्या आसाच्या दिशेने असल्यामुळे पडणारा ओरखडा नेमका आडवा, म्हणजे हवेला वाट देणारा पडतो. दिसायला किरकोळ असलेली ही खूण गळतीच्या दृष्टीने सर्वांत वाईट असते. शिवाय ती आतल्या बाजूला असली तर टायर चढल्यावर कुणालाच दिसत नाही.

चिकटलेला बीड एका जागी सगळा जोर लावून सोडवायचा नसतो. पेडल थोडे दाबायचे, सोडायचे, चाक थोडे फिरवायचे, काठाच्या फटीत साबण सोडायचा आणि पुन्हा दाबायचे, अशा पद्धतीने पूर्ण वळसा घेतला की बीड थोडा थोडा करून सुटतो. याला दोन-तीन मिनिटे अधिक लागतात. गर्दीच्या दिवशी नेमकी हीच मिनिटे वाचवली जातात. चाकाच्या आत दाब मोजणारा सेन्सर असेल तर तो बहुधा व्हॉल्व्हच्या मागेच बसवलेला असतो, म्हणून पाते व्हॉल्व्हच्या आसपास कधीही लावू नये. प्लॅस्टिकचा तो सेन्सर एका दाबात फुटतो आणि त्याची किंमत टायर बसवण्याच्या मजुरीच्या कितीतरी पट असते.

बाकीच्या खुणा

रिमच्या काठावर एकमेकांपासून सारख्या अंतरावर, पाव-पाव वळशावर चार खुणा दिसल्या, तर त्या मशीनवर चाक धरून फिरवणाऱ्या टर्नटेबलच्या चार जबड्यांच्या आहेत. अलॉय रिम बाहेरून धरायची असते आणि प्रत्येक जबड्यावर प्लॅस्टिकची टोपी असावी लागते. टोपी झिजली किंवा पडली की जबड्याचे पोलादी दात अलॉयमध्ये रुततात. चारपैकी एकच खूण खोल असेल, तर त्या एका जबड्याची टोपी गेलेली आहे असे समजावे. या खुणांमुळे हवा क्वचितच जाते, पण त्यांतून उठलेली धार नव्या टायरच्या बीडला कापू शकते.

काठाला समांतर जाणारी लांब, गोलाकार रेघ ही चढवण्याच्या हेडची असते. बदकाच्या चोचीसारखा दिसणारा हा भाग बीडला काठावरून पलीकडे नेतो. तो रिमला चिकटून ठेवायचा नसतो, काठापासून वर आणि बाजूला दोन-तीन मिलीमीटर अंतर ठेवून लॉक करायचा असतो आणि त्याच्या आत प्लॅस्टिकचा तुकडा बसवलेला असावा लागतो. ही रेघ पूर्ण वळसाभर असेल तर अंतर ठेवलेच नव्हते, असे म्हणता येते. रेघ घेराच्या एकाच भागात असेल आणि पुढे आपोआप नाहीशी होत असेल, तर आणखी एक शक्यता तपासावी. खड्ड्यात आदळून रिम मुळातच किंचित वाकलेली असेल, तर फिटरने हेड एका जागी बरोबर लावूनही फिरताना वाकलेला भाग हेडला घासतो. अशी रिम बॅलन्सिंग मशीनवर टायरविना फिरवली की काठ डुलताना दिसतो. हेडची रेघ बाहेरच्या दर्शनी बाजूवर असते, त्यामुळे ग्राहकाला तिचाच सर्वाधिक राग येतो, परंतु हवेच्या दृष्टीने ती बहुधा निरुपद्रवी असते.

टॉमीची खूण काठाच्या माथ्यावर छोट्या खाचेसारखी पडते आणि अनेकदा तिच्यापासून बाहेरच्या पट्टीवर एक लहान आडवा ओरखडा गेलेला असतो. ही खूण टायरकडेही पाहायला लावते, कारण जेथे टॉमीवर एवढा जोर आला तेथे बीडवरही आला. बीडच्या आतल्या ओठाचे रबर फाटले असेल, तार उघडी पडली असेल किंवा बीडला एका जागी मोडल्यासारखा बाक आला असेल, तर तो टायर वापरू नये, मग तो कितीही नवा असो. तुटलेल्या तारेचा बीड धावत्या गाडीत रिमवरून निसटू शकतो.

चरासंबंधी एक मुद्दा अनेक फिटरांनाही समजावून सांगावा लागतो. चर रिमच्या बरोबर मध्यभागी नसतो, तो एका काठाला जवळ असतो, आणि टायर त्याच जवळच्या काठावरून काढायचा आणि चढवायचा असतो. बहुतेक अलॉयमध्ये ही दर्शनी बाजू असते, म्हणून चाक तोंड वर करून लावण्याची सवय पडलेली आहे. काही रिममध्ये मात्र चर आतल्या काठाला जवळ असतो. अशी रिम सवयीप्रमाणे तोंड वर करून लावली, तर बीड चरापर्यंत पोचत नाही, जोर वाढवला जातो आणि एक तर बीड फाटतो किंवा काठ दुखावतो. टायर उतरवलेली रिम हातात असताना चराचे दोन्ही काठांपासूनचे अंतर डोळ्यांनी पाहिले तरी हे कळते.

बीड बसवणे आणि चाळीसची मर्यादा

चढवण्यापूर्वी दोन्ही बीडना आणि रिमच्या दोन्ही पट्ट्यांना टायरसाठी मिळणारी साबण-पेस्ट लावायची असते. ती वाळल्यावर तिचा निसरडेपणा जातो आणि टायर जागेवर पकड घेतो. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा डिझेल लावले तर रबर खराब होते, आणि निसरडेपणा टिकून राहिल्यामुळे ब्रेक मारताना टायर रिमवर फिरतो. कपड्यांच्या पावडरीचे पाणी सर्रास वापरले जाते, पण त्यातील क्षार उघड्या अलॉयवर राहून पुढच्या गंजाला निमंत्रण देतात. कोरडा बीड हे तर गळतीचे आणि फाटण्याचे स्वतंत्र कारण आहे, कारण तो उंचवट्यावर अडकून अर्धवट बसतो.

हवा भरताना व्हॉल्व्हची पिन काढलेली ठेवली की हवा वेगाने आत जाते आणि दोन्ही बीड झटकन बाहेर सरकतात. दोन ‘फट्’ ऐकू आले पाहिजेत. कारच्या टायरचा बीड बसवताना दाब ४० पीएसआयच्या वर नेऊ नये, ही मर्यादा काटेकोरपणे पाळायची आहे. चाळीसपर्यंत बीड बसला नाही, तर हवा पूर्ण सोडावी, बीड पुन्हा सोडवावा, पेस्ट लावावी, टायर थोडा फिरवावा आणि नव्याने भरावे. दाब साठ-सत्तरवर नेऊन बीड बळेच बसवण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. अडकलेल्या बीडच्या तारा अशा वेळी तुटू शकतात आणि टायर फुटून समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. भरणाऱ्याने लांब पाइप आणि व्हॉल्व्हवर आपोआप धरून राहणारी क्लिप वापरावी आणि चाकावर वाकून उभे राहू नये. पेट्रोल किंवा स्प्रे पेटवून बीड बसवण्याचे प्रकार कुणीही, कोणत्याही घाईत करू नयेत.

आवाज आला म्हणजे बीड सगळीकडे सारखा बसला असे गृहीत धरता येत नाही. टायरच्या बाजूवर, रिमच्या काठाला लागून, एक बारीक उंच रेघ गोलाकार गेलेली असते. रिमचा काठ आणि ही रेघ यांमधील अंतर पूर्ण वळसाभर आणि दोन्ही बाजूंना एकसारखे दिसले पाहिजे. एखाद्या जागी रेघ काठाखाली गेली असेल तर तेथे बीड आतच अडकलेला आहे. अशा चाकाचे बॅलन्सिंग कितीही केले तरी गाडी थरथरते. अंतर बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच पिन बसवून दाब ठरलेल्या आकड्यावर आणावा.

दुरुस्ती कुठवर करावी

वर सांगितलेल्या चाकाची खाच उथळ होती आणि रिमला तडा नव्हता, म्हणून तिची दुरुस्ती शक्य होती. प्रथम खाचेच्या दोन्ही कडांची उठलेली धार काढली, कारण गळती खाचेतून जेवढी होते तेवढीच या धारेने बीड उचलून धरल्यामुळे तिच्या दोन्ही अंगांनी होते. यासाठी बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून घेराच्या दिशेनेच फिरवला. आडवा फिरवला असता तर नवे आडवे ओरखडे पडले असते. ग्राइंडर किंवा ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश येथे वापरू नये. तो गंजाबरोबर चांगला अलॉयही खातो आणि पट्टीचा गोलपणा बिघडवतो. मग पट्टी पुसून पूर्ण कोरडी केली, खाचेवर आणि आजूबाजूच्या खड्ड्यांवर बीड सीलरचा पातळ थर दिला, तो सुकू दिला आणि टायर चढवला. जाड थर दिला तर तोच बीडखाली उंचवटा बनतो. खडूच्या खुणा पुन्हा जुळवूनही चाकाचे बॅलन्सिंग नव्याने करावे लागले, आणि टायर उतरवला की ते नेहमीच करावे लागते. पुढच्या आठवड्यात थंड टायरचा दाब बाकीच्या तिघांइतकाच भरला.

बीड सीलर हा उथळ खाचेपुरता आणि गंजाच्या बारीक खड्ड्यांपुरताच उपाय आहे. खोल खाच, काठाचा उडालेला कपचा किंवा वाकलेला काठ असेल तर तो भरून काढण्याचे काम सीलर करू शकत नाही. वाकलेला अलॉय तापवून ठोकून सरळ करणारे आणि तडे वेल्डिंगने भरणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. काठाचा सौम्य बाक सरळ करून घेण्यास माझी हरकत नाही, पण ज्या रिमला तडा गेला आहे ती वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणणे मला मान्य नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या अलॉयची मजबुती कमी होते आणि तडा पुढे कुठून वाढेल हे बाहेरून कळत नाही. अशी रिम बदलावी.

दुकानदाराशी या नुकसानीबद्दल बोलायचे असेल तर टायर उतरवलेला असतानाच, खडूच्या खुणेसह, खाचेचे जवळून फोटो काढावेत. टायर पुन्हा चढल्यावर पुरावा झाकला जातो. पुढच्या वेळी टायर बदलताना जुने टायर उतरल्यावर आणि नवे चढण्यापूर्वी चारही रिमच्या दोन्ही पट्ट्या दुकानदारासोबत पाहून घ्याव्यात. चांगला फिटर यासाठी स्वतःहून थांबतो, कारण पट्ट्या पुसून साफ करण्याचे काम त्याला त्याच वेळी करायचे असते.

दुरुस्तीनंतर दोन आठवडे, थंड टायरवर, त्याच गेजने आकडे लिहून ठेवावेत. हवा पूर्वीइतकीच उतरत राहिली आणि दोन्ही बीड, व्हॉल्व्ह व नक्षी साबणाखाली कोरडी निघाली, तर टायरसह पूर्ण चाक स्थिर पाण्यात बुडवून न हलवता ठेवावे आणि रिमच्या मधल्या भागावर, चराच्या मागच्या बाजूला आणि आऱ्यांच्या मुळाशी, बुडबुडे येतात का ते पाहावे. तेथून हवा येत असेल तर अलॉयमध्येच सूक्ष्म छिद्र किंवा तडा आहे, आणि बीडवर आणखी कितीही काम केले तरी ती गळती थांबणार नाही.